कॅफेतली मुलाखत, साफ केलेला आवाज आणि हरवलेलं ‘न्हाई’

राजारामपुरीतल्या एका कॅफेत पाऊण तासाची मुलाखत रेकॉर्ड झाली होती. बोलणारे काका सुभाषनगरचे, उभा जन्म कोल्हापुरी चपला बनवण्यात गेलेले. विचारणारी मुलगी तिच्या ऑडिओ मालिकेसाठी जुन्या कारागिरांशी बोलत होती. फोन टेबलावर, कपांच्या मधे ठेवलेला, काकांच्या तोंडापासून साधारण दोन फुटांवर. कॉलरला लावायचा माईक नव्हता. संध्याकाळची गर्दी, मागच्या टेबलावर एक कुटुंब, काउंटरवर कॉफी दळायचं यंत्र. रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं ते एका साध्या मागणीसह: “दादा, मागचा कलकलाट तेवढा काढून द्या.”

कलकलाट काढणं आता अवघड राहिलेलं नाही. तो काढताना काकांच्या आवाजातलं काय गेलं हे ओळखणं मात्र अवघड आहे, आणि या प्रकरणात बहुतेक वेळ त्यातच गेला.

आधी फाइलबद्दल. पहिल्यांदा मिळालेली प्रत मेसेजिंग ॲपवरून फिरून आली होती. ऑडासिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या पट्ट्यांचं चित्र, पाहिलं तर ८ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, सुरीने कापल्यासारखं सरळ. पाठवताना ॲपने आवाज दाबून लहान केला होता. अशा दाबलेल्या फाइलमध्ये आवाज आधीच थोडा पाणचट झालेला असतो, आणि नंतर साफसफाई केली की दोष कुणाचा हे सांगता येत नाही. म्हणून फोनमधली मूळ फाइल केबलने काढून मागवली. तिच्यात वरच्या पट्टीतला आवाज शाबूत होता. पाण्यात बुडाल्यासारखा आवाज तपासायचा असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा: हा दोष मुळातच आहे का? फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय चालू असेल तरी तसा आवाज येतो, आणि एकदा साफ झालेल्यावर दुसऱ्यांदा साफसफाई केली की तो हमखास बिघडतो.

मग गोंगाट किती आहे ते मोजलं. ऑडासिटीच्या विश्लेषणाच्या मेनूत Contrast नावाचं साधन आहे. त्यात काका बोलतायत तो तुकडा पुढचा आवाज म्हणून द्यायचा, ते थांबलेत तो तुकडा मागचा आवाज म्हणून, की दोन्हींतला फरक डेसिबलमध्ये मिळतो. बहुतेक ठिकाणी तो ८ डेसिबलच्या आसपास होता, तर कॉफीचं यंत्र चालू असताना ३ सुद्धा नव्हता. ८ म्हणजे माणसाला बोलणं कळतं, पण कान ताणावे लागतात. ३ च्या खाली मागचा आवाज काकांच्या जवळजवळ बरोबरीला येतो.

कॅफेचा गोंगाट फ्रिजच्या किंवा पंख्याच्या घरघरीसारखा नसतो. घरघर एकसारखी असते, म्हणून ऑडासिटीचं जुनं Noise Reduction तिचा नमुना घेऊन ती वजा करू शकतं. कॅफेतली बडबड क्षणाक्षणाला बदलते, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः बोलणंच आहे. तिचा कंप, तिचे स्वर, तिच्या पट्ट्या काकांच्या आवाजासारख्याच. त्यामुळे इथे न्यूरल नेटवर्कवर चालणारं साधन घ्यावं लागलं. मी डीपफिल्टरनेट वापरलं. ते मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि ४८ किलोहर्ट्झवर काम करतं, त्यामुळे वरची पट्टी कापली जात नाही.

```
ffmpeg -i mulakhat.m4a -ac 1 -ar 48000 mulakhat.wav
deepFilter mulakhat.wav -o purna
```

पहिल्या फेरीचा निकाल ऐकून मुलाखतीची मालकीण खूश झाली. कॅफे गायब. कपबशा गायब. काका जणू एखाद्या रिकाम्या खोलीत बसलेत. फोनच्या स्पीकरवर तर फारच छान वाटत होतं.

हेडफोन लावल्यावर वेगळं ऐकू आलं. वाक्याच्या सुरुवातीला आवाज भरीव होता, पण शेवटाकडे तो हलायला लागायचा, पातळ व्हायचा, बुडबुड्यांतून आल्यासारखा. ‘स’ आणि ‘श’ कुठे तीक्ष्ण, कुठे अर्धवट. दोन वाक्यांच्या मधे मात्र ठार शांतता.

असं का होतं ते नीट समजून घेतलं तर दोष कुठे शोधायचा तेही कळतं. असं साधन आवाजाचे बारीक तुकडे करतं, सेकंदाला शंभर, आणि प्रत्येक तुकडा खालपासून वरपर्यंत अनेक पट्ट्यांत विभागतं. प्रत्येक पट्टीत किती ठेवायचं आणि किती दाबायचं हा निर्णय दर तुकड्याला नव्याने होतो. काकांचा आवाज गोंगाटापेक्षा बराच मोठा असेल तिथे निर्णय ठाम असतो. दोन्ही बरोबरीला आले की तो डळमळतो. एका क्षणी पट्टी उघडी, पुढच्या क्षणी बंद, परत उघडी. अशी उघडझाप सेकंदात कितीतरी वेळा झाली की कानाला ती पाण्याच्या हलण्यासारखी लागते.

इथे जुन्या आणि नव्या पद्धतीत एक फरक आहे, आणि तो लक्षात न घेतल्याने बरेच जण फसतात. स्टीव्हन बोल यांनी १९७९ मध्ये मांडलेली स्पेक्ट्रल सबट्रॅक्शनची पद्धत बिघडली की मधल्या शांततेत टिणटिण ऐकू यायची. दोष उघड्यावर असायचा. नव्या साधनात मधली शांतता अगदी स्वच्छ असते आणि दोष बोलण्याच्या आत लपतो. दोन वाक्यांमधली जागा ऐकून “झालं साफ” म्हणणं त्यामुळे निरुपयोगी आहे. शब्द ऐकायचे, आणि शब्दांतही शेवटचे आधी.

तपासणीसाठी मी पहिल्यांदा वजाबाकी केली. ऑडासिटीत मूळ फाइल आणि साफ फाइल वर-खाली ठेवायच्या, एकीला Invert लावायचं आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना रद्द करतं आणि काढून टाकलेलं तेवढं ऐकू येतं. यात दोन फाइली अगदी नमुन्यागणिक जुळलेल्या हव्यात. काही साधनं आउटपुट काही मिलिसेकंद उशिराने देतात, आणि तेवढ्यानेही वजाबाकीत काकांचा पूर्ण आवाज परत येतो व उगाच घाबरायला होतं. जुळवताना कपाच्या ठणक्याचा आधार घेऊ नये, कारण साफ फाइलमध्ये तो ठणका उरलेलाच नसतो. काकांच्या ‘प’ किंवा ‘क’चा सुरुवातीचा धक्का धरून जुळवावं.

वजाबाकीत कॅफे ऐकू आला पाहिजे. बोलणाऱ्याच्या आवाजाची थोडी सावली येतेच, ती चालते. पण तिथे शब्द ओळखू आला, तर तो शब्द मुलाखतीतून गेलाय असं समजावं. या फाइलच्या वजाबाकीत एका ठिकाणी काकांचं “न्हाई” स्वच्छ ऐकू आलं.

मूळ वाक्य असं होतं: “रसायनात कमावलेलं तसं टिकत न्हाई.” साफ केलेल्या फाइलमध्ये ते “…तसं टिकत” एवढंच उरलं होतं, आणि त्यापुढे एक हलका बुडबुडा. अर्थ उलटा झाला होता. हा योगायोग नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. माणूस बोलताना दम सोडत येतो, आवाज खाली उतरतो, कोल्हापुरी बोलण्यात तर शेवटचा शब्द बऱ्याचदा पुटपुटल्यासारखा पडतो. म्हणजे जिथे वाक्याचा अर्थ ठरतो नेमकं तिथेच आवाज सर्वांत बारीक असतो, आणि साधनाचा निर्णय तिथेच सर्वांत जास्त डळमळतो. मराठी मुलाखत तपासणाऱ्याने प्रत्येक ‘नाही’, ‘नव्हतं’, ‘नको’ मूळ फाइलशी पडताळून पाहावं असं मला मनापासून वाटतं. पाऊण तासात ते फार नसतात.

दुसरी तपासणी अनोळखी कानाची. मुलाखत घेणाऱ्या मुलीला काय बोललं गेलं ते माहीत होतं आणि मीही ते कितीदा तरी ऐकलेलं. आम्हा दोघांचा मेंदू गाळलेल्या जागा आपोआप भरत होता. म्हणून इचलकरंजीच्या माझ्या मावसबहिणीला काही तुकडे पाठवले. तिला चपलेच्या धंद्यातलं काही माहीत नाही. काही तुकडे मूळ होते, काही साफ केलेले, आणि कुठला कुठला हे तिला सांगितलं नव्हतं. एकच तुकडा दोन्ही रूपांत तिला दिला नाही, कारण पहिल्यांदा ऐकलेलं दुसऱ्यांदा आठवतं. जसं ऐकू येईल तसं लिहून पाठव, अडलं तर रिकामं सोड, एवढंच सांगितलं.

तिच्या वहीतून जे निघालं ते कुठल्याही आलेखापेक्षा बोलकं होतं. काका म्हणाले होते, “साल चांगली मुरली पायजे.” कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्या सालीबद्दल ते बोलत होते. साफ तुकडा ऐकून तिने लिहिलं, “चाल चांगली…” आणि पुढे प्रश्नचिन्ह. ‘स’ हा मुळात सळसळीसारखा, गोंगाटासारखाच आवाज. त्याची सुरुवात साधनाने खाल्ली, आणि मागे उरलेला तुटका ‘स’ कानाला ‘चाल’मधल्या ‘च’सारखा लागला. चपलांच्या प्रकारांत ‘कापशी’ बरोबर आलं, ‘पुकरी’चं ‘कुकरी’ झालं. हे शब्द संदर्भावरून ओळखता येत नाहीत. ज्याला धंदा माहीत नाही त्याच्यासमोर फक्त आवाज असतो, आणि मालिकेचा श्रोता असाच असणार होता.

‘ख’, ‘थ’, ‘फ’ यांच्याकडेही असंच लक्ष द्यावं लागतं. त्यांतला हकार म्हणजे हवेचा झोत, तोही गोंगाटासारखा. तो दाबला गेला की ‘खाल’चं ‘काल’ होतं आणि वाक्य तरीही खरं वाटतं. ते जास्त धोक्याचं, कारण ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही.

मूळ तुकड्यांमध्ये तिचं काय झालं? त्यातल्या वेगळ्या वाक्यांत आलेलं “साल” आणि “न्हाई” तिने दोन्ही बरोबर लिहिलं होतं आणि शेजारी नोंद केली होती, ‘फार गोंगाट, डोकं दुखलं’. म्हणजे मूळ फाइल ऐकायला त्रासदायक पण खरी, आणि साफ फाइल ऐकायला सोपी पण खोटी.

हे दोन वेगळे निकष आहेत आणि ते वेगळेच मोजायचे असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या P.835 या शिफारशीत ऐकणाऱ्यांना हेच करायला सांगितलंय: आधी फक्त बोलण्याला पाचपैकी गुण द्या, मग फक्त मागच्या आवाजाला, मग एकूण. मायक्रोसॉफ्टचं DNSMOS हे साधन त्याच तीन गुणांचा अंदाज यंत्राने देतं. PESQ किंवा STOI ही आवाजाचा दर्जा मोजायची दुसरी मापं इथे चालत नाहीत, कारण त्यांना तुलनेसाठी त्याच बोलण्याची स्वच्छ प्रत लागते आणि कॅफेतल्या मुलाखतीची तशी प्रत जगात कुठेच नसते. DNSMOS लावून पाहिलं तर अपेक्षेप्रमाणे मागच्या आवाजाचे गुण चढले आणि बोलण्याचे घसरले. एकूण गुण मात्र वर गेले होते. फक्त एकूण आकडा पाहणाऱ्याने ही फाइल पास केली असती. यंत्राचा गुण हा आवाज कानाला कसा वाटतो त्याचा अंदाज असतो. “न्हाई” गेलं की राहिलं हे त्याला कळत नाही.

आता उपाय. डीपफिल्टरनेटमध्ये गोंगाट किती डेसिबलपर्यंत दाबायचा याची मर्यादा घालता येते.

```
deepFilter mulakhat.wav -o maryadit -a 12
```

या `-a 12` चा अर्थ असा की साफ आवाजात मूळ आवाजाचा एक चतुर्थांश भाग परत मिसळला जातो. १२ डेसिबल कमी म्हणजे पाव पट, हा साधा हिशेब आहे. कॅफे पूर्ण जात नाही, लांबवर सरकतो. पण त्याच पावासोबत काकांचे अर्धवट ‘स’ आणि उतरते शेवट थोडे परत येतात, आणि हलकी गजबज सतत खाली राहिल्यामुळे पट्ट्यांची उघडझाप झाकली जाते. पाण्याचा भास शांततेच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो, सलग आवाजाखाली तो विरतो.

मर्यादा ठरवताना दोन्ही फाइलींचा मोठेपणा सारखा करून मगच तुलना केली. गोंगाट निघाला की एकूण आवाज लहान होतो, आणि कान मोठ्या आवाजाला चांगला म्हणतो. हे न जुळवता केलेली निवड बहुतेकदा चुकते. १८ वर पाणी परत ऐकू यायला लागलं. ६ वर पाणी मुळीच नाही, पण ऐकणाऱ्याला पुन्हा कान ताणावे लागले. १२ वर मावसबहिणीने नवे तुकडे ऐकून जवळजवळ सगळं बरोबर लिहिलं आणि डोकेदुखीची तक्रारही केली नाही.

काही जागा १२ वरही सुटल्या नाहीत. “न्हाई” परत आलं होतं, पण आधीच्या शब्दांच्या मानाने फारच बारीक. तिथे मूळ फाइलचा तेवढाच तुकडा घेऊन वरच्या ट्रॅकवर बसवला, दोन्ही टोकांना शंभर मिलिसेकंदांचा उतार देऊन. खाली कॅफेची हलकी गजबज चालूच असल्यामुळे हे ठिगळ कळत नाही. पूर्ण शांत फाइलमध्ये तेच ठिगळ दार उघडल्यासारखं ऐकू आलं असतं.

मागच्या टेबलाची गोष्ट वेगळी होती. तिथल्या बाईंचा आवाज फोनच्या दिशेने येत होता, आणि काका थांबले की तो साफ फाइलमध्ये आधीपेक्षाही स्वच्छ ऐकू यायचा. साधनाला बोलणं जपायला शिकवलेलं असतं. कुणाचं बोलणं जपायचं हे त्याला ठाऊक नसतं. लांबची, शब्द न कळणारी गजबज ते दाबतं, जवळचं एकटं वाक्य उचलून धरतं. शिवाय त्या बाई घरातल्या कुणाच्या तरी आजारपणाबद्दल बोलत होत्या, आणि ते मालिकेत जाणं कुठल्याही दृष्टीने बरोबर नव्हतं. जिथे ते बोलणं काकांच्या विरामात पडलं तिथे हाताने आवाज उतरवून कॅफेचीच शब्द नसलेली गजबज भरली. काकांच्या शब्दांवर ते चढलं होतं अशी एक जागा पूर्ण कापली.

कॉफीच्या यंत्राच्या जागेला मात्र उपाय नव्हता. तिथे काका कापशी आणि पुकरी यांतला फरक सांगत होते, मालिकेसाठी तो भाग हवाच होता. १२ वर पाणी, ६ वर घरघर, मूळ फाइलमध्ये निम्मे शब्द गेलेले. जे रेकॉर्डच झालं नाही ते कुठलंही साधन परत आणत नाही, आणलं तर ते त्याने रचलेलं असतं. मी त्या मुलीला म्हटलं, “अगं, एवढं उत्तर परत घे. काकांच्या घरी जाऊन घे, आणि फोन टेबलावर ठेवू नको. छोटा माईक त्यांच्या कॉलरला लाव, तोंडापासून वीतभर.” दोन फुटांवरून वीतभर अंतरावर, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटरवरून पंधरा-वीस सेंटिमीटरवर आलं की बोलणाऱ्याचा थेट आवाज दहा-बारा डेसिबलने वाढतो आणि मागचा गोंगाट होता तेवढाच राहतो. फाइलमध्ये साफसफाईने जेवढं मिळालं, जवळजवळ तेवढंच इथे मिळतं, आणि आवाजाला हात न लावता.

ते उत्तर तिने नंतर घरीच घेतलं. दोन जागांचा पोत वेगळा होता, म्हणून घरच्या तुकड्याखाली कॅफेची गजबज ओढली नाही. निवेदनात एक वाक्य घातलं की हा भाग काकांच्या घरी बोलला गेला.

शेवटची तपासणी तयार एमपीथ्रीवर केली. संपादनाच्या फाइलमध्ये ठीक वाटणारा आवाज कमी बिटरेटवर दाबला की पुन्हा पाणचट होऊ शकतो, कारण दाबण्याची पद्धतही पट्ट्या गाळूनच काम करते. एकपदरी ६४ किलोबिटवर काकांचे ‘स’ परत भुरभुरीत झाले, ९६ वर ते टिकले. म्हणून ९६ ची फाइल पाठवली, आणि सोबत मूळ फाइल न पुसता जपून ठेवायला सांगितलं.